किंमत-इशारा (शेअर व्यवहार ॲप)

किंमत-इशारा ही शेअर खरेदी-विक्रीच्या ॲपमधील एक सोय आहे. निवडलेल्या शेअरचा भाव वापरकर्त्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला, की ॲप त्याच्या फोनवर तशी सूचना पाठवते. बोलीभाषेत याला ‘अलर्ट लावणे’ असे म्हणतात. इशारा हा केवळ निरोप असतो. त्यामुळे कोणतीही ऑर्डर बाजारात जात नाही. हा निरोप काही सेकंदांत यावा अशी अपेक्षा असते, परंतु कित्येकदा तो बऱ्याच मिनिटांनी येतो आणि तोवर भाव पुढे निघून गेलेला असतो.

इशारा लावण्याची रीत

शेअरच्या पानावर इशाऱ्याचा पर्याय असतो. तेथे तीन गोष्टी भरायच्या असतात : बाजार, अट आणि किंमत. यांपैकी बाजाराच्या निवडीकडे सहसा दुर्लक्ष होते. एकाच कंपनीच्या शेअरचे व्यवहार मुंबई शेअर बाजारात (बीएसई) आणि राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) स्वतंत्रपणे होतात व दोन्हींकडील शेवटच्या सौद्याच्या भावात काही पैशांचा फरक असू शकतो. इशारा एका बाजारावर लावून आलेख दुसऱ्या बाजाराचा पाहिल्यास ‘भाव आला, पण इशारा आला नाही’ असा भास होतो.

अट निवडताना ‘बरोबर’ (=) हे चिन्ह टाळणे इष्ट असते. भाव ५००.१० वरून थेट ४९९.९० वर उतरला, तर बरोबर ५०० रुपयांना सौदा होतच नाही आणि अट पूर्ण होत नाही. त्याऐवजी ‘इतका किंवा त्याहून कमी’ (<=) अथवा ‘इतका किंवा त्याहून जास्त’ (>=) ही अट घ्यावी. बहुतेक इशारे एकदाच वाजतात; पुन्हा हवा असल्यास तो नव्याने सुरू करावा लागतो.

निरोपाचा प्रवास

भाव बदलल्यापासून फोन वाजेपर्यंत निरोपाला तीन टप्पे ओलांडावे लागतात. पहिल्या टप्प्यात शेअर बाजाराकडून दलाल कंपनीच्या संगणकाकडे भाव येतो. किरकोळ ग्राहकांच्या ॲपना प्रत्येक सौदा स्वतंत्रपणे मिळत नाही. ठरावीक अंतराने त्या क्षणाचा भाव मिळतो. दोन क्षणांच्या मधे भाव मर्यादेला स्पर्श करून परतला, तर तो निसटू शकतो. दुसऱ्या टप्प्यात दलालाचा संगणक आलेला भाव ग्राहकांच्या अटींशी ताडून पाहतो. सकाळी ९:१५ ला बाजार उघडताच अनेक शेअर एकाच वेळी हलतात व असंख्य इशारे एकदम निघतात. त्या वेळी येथे रांग लागू शकते.

खरा विलंब बहुधा तिसऱ्या टप्प्यात होतो. दलालाचे ॲप फोनशी थेट बोलत नाही. अँड्रॉइड फोनसाठी तो निरोप गूगलच्या आणि आयफोनसाठी ॲपलच्या संदेशसेवेकडे सोपवला जातो. या सेवा टपाल खात्यासारख्या आहेत. पत्र स्वीकारतात, मात्र ते अमुक वेळेत पोहोचेलच अशी हमी देत नाहीत. फोन बंद असल्यास निरोप साठवून ठेवला जातो. पाठवणाऱ्याने मुदत घातली नसेल, तर गूगलची सेवा तो चार आठवड्यांपर्यंत जपते. शिळा इशारा दुसऱ्या दिवशी येण्याचे कारण हेच.

शिवाय फोन चालू असला, तरी तो जागा असेलच असे नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीत ‘डोझ’ नावाची निद्रावस्था आली. चार्जिंगला न लावलेला फोन पडदा बंद करून काही काळ हालचालीविना ठेवला, की त्यातील ॲपचा इंटरनेटशी संबंध तोडला जातो. अधूनमधून थोडा वेळ फोन जागा होतो आणि साचलेले निरोप घेतो. झोप जसजशी लांबते, तसतसे हे मधले अंतर वाढत जाते. निरोपावर ‘उच्च प्राधान्य’ अशी खूण असल्यास तो झोपेतही पोहोचवला जातो, ‘सामान्य’ असल्यास थांबवला जातो. ही खूण करणे ॲप बनवणाऱ्याच्या हाती असते, ग्राहकाच्या नव्हे. काही फोन कंपन्यांची बॅटरी बचतीची स्वतःची व्यवस्था तर याहूनही कडक असते.

विलंब कोठे झाला हे ओळखणे

यासाठी तीन वेळा ताडून पाहाव्या लागतात : आलेखावरील वेळ, ॲपमधील इशाऱ्यांच्या इतिहासात नोंदलेली वेळ आणि फोनवर सूचना अवतरल्याची वेळ. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या सेटिंगमध्ये सूचनांचा इतिहास सुरू करून ठेवता येतो.

उदाहरणार्थ, ५१२ रुपयांच्या एका शेअरवर ‘५०० किंवा त्याहून कमी’ असा इशारा लावला आहे. एक मिनिटाच्या आलेखात ११:०२ च्या खुणेचा नीचांक ४९९.९५ दिसतो, इशाऱ्याच्या इतिहासातही ११:०२ हीच वेळ आहे, पण फोनवर सूचना आली ११:२१ ला, म्हणजे मेजावरचा फोन हातात घेतला तेव्हा. येथे दलालाकडे विलंब झालेला नाही. १९ मिनिटे फोन झोपलेला होता. फोन उचलताच दोन-तीन सूचना एकदम येणे ही त्याची ठळक खूण होय. याउलट इतिहासातच ११:०६ अशी वेळ असेल, तर विलंब दलालाच्या बाजूला आहे आणि फोनची सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही. इतिहासात नोंदच नसेल, तर भाव क्षणभरच उतरला होता किंवा आलेख दुसऱ्या बाजाराचा होता असे समजावे.

दोष फोनचा ठरल्यास त्या ॲपसाठी बॅटरीची मांडणी ‘Unrestricted’ करावी. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, तीही तपासावी. आयफोनवर ‘Scheduled Summary’ सुरू असून त्यात हे ॲप असल्यास सूचना ठरलेल्या वेळेपर्यंत रोखल्या जातात.

इशारा आणि स्टॉप-लॉस

वरील उदाहरणात ग्राहकाला ५०० च्या आसपास विकायचे होते असे मानू. ११:२१ ला भाव ४८८ असेल, तर १०० शेअरमागे सुमारे १,२०० रुपयांचा फरक पडतो. अशा कामासाठी इशारा हे साधन नव्हेच. स्टॉप-लॉस ऑर्डर शेअर बाजाराच्या संगणकातच थांबलेली असते आणि भाव आला की तेथेच जागी होते. फोन झोपलेला असला तरी तिला फरक पडत नाही. ती एका दिवसापुरती असते. ‘जीटीटी’ ही दीर्घ मुदतीची ऑर्डर दलालाच्या संगणकात राहते, म्हणून वरील पहिले दोन टप्पे तिलाही लागू होतात. दोन्हींमध्ये विक्रीची किमान किंमत घातलेली असल्यास आणि भाव झेप घेऊन तिच्याही खाली उतरल्यास सौदा न होण्याचा संभव राहतो.

खरेदीच्या ॲपमधील इशारे

वस्तू पुन्हा उपलब्ध झाल्याचा निरोप याच टपालातून येतो, परंतु तेथे अडचण निराळी असते. दुकानात दहा नग आले आणि वाट पाहणारे हजार असले, तर निरोप वेळेवर मिळूनही बहुतेकांना वस्तू संपलेलीच दिसते. किमतीवर लक्ष ठेवणारी त्रयस्थ ॲप दुकानाचे पान ठरावीक अंतराने पाहतात. ते अंतर एक तासाचे असेल, तर अर्ध्या तासात संपलेली सवलत त्यांना कळतही नाही.