बाहेरच्या भिंतीचं इन्सुलेशन : तडा कुठे गेलाय ते टेप लावून मोजा

व्हिडिओत मी ही भिंत दाखवली तेव्हा वेळेअभावी हिशोब पूर्ण सांगता आला नाही. तो इथे लिहितोय. हे काम घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हिशोबाचा भाग दोनदा वाचा, कारण माझी चूक तिथेच झाली होती. गवंड्याच्या हाताने नाही, माझ्या कॅल्क्युलेटरवर.

आधी काम काय आहे ते थोडक्यात. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. संभाजीनगरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून भिंतीला बाहेरून थर्माकोलच्या पाट्या चिकटवायच्या, छत्रीवाले फास्टनर ठोकायचे, वर जाळी दाबलेला तीन-चार मिलीचा बेसकोट द्यायचा आणि शेवटी दीड मिलीचं टेक्स्चर. जर्मनी, पोलंडकडे थंडीसाठी वर्षानुवर्षं हेच करतात, आपण उन्हासाठी करतो. पॅकिंगचा थर्माकोल मात्र इथे चालत नाही. बांधकामासाठीची, निदान 15 किलो घनतेची आणि कापल्यानंतर काही आठवडे ठेवून मुरवलेली पाटी लागते. ताजी पाटी भिंतीवर गेल्यावर आकसते.

आता ती भिंत. एका काकांचा बंगला, पश्चिमेची बाजू 9 मीटर रुंद, 6 मीटर उंच. म्हणजे 54 चौरस मीटर. दोन खिडक्या वजा केल्या की साधारण 50. मी वहीत लिहिलं : मीटर बाय अर्धा मीटरच्या पाट्या 100, वर तुटफूट पाच. चिकटवायची पावडर चौरस मीटरला 5 किलो, म्हणजे 25 किलोच्या 10 गोण्या. बेसकोट तेवढाच, आणखी 10 गोण्या. फास्टनर चौरस मीटरला सहा, कडेला थोडे जास्त, म्हणून 350. जाळीचा रोल 1 मीटर रुंद, 50 मीटर लांब. भिंत 50, रोल 50. एक रोल!

काम फेब्रुवारीत झालं, भिंत छान दिसत होती. जूनच्या पहिल्या पावसानंतर काकांचा फोन. "बाळा, भिंतीला रेघा पडल्यात. सरळ उभ्या. वहीला समास असतो ना, तशा."

मी गेलो. पाऊस थांबून दोन तास झाले होते. भिंत वाळली होती, पण तड्यात पाणी धरून राहतं, म्हणून रेघा गडद उठून दिसत होत्या. (तडे शोधायची हीच वेळ. कडक उन्हात केसाएवढा तडा दिसतच नाही.) टेप लावली. पहिली रेघ डावीकडून 1 मीटरवर, दुसरी 2 मीटरवर, तिसरी 3 वर. खालपासून वरपर्यंत सलग.

गवंडी म्हणाला पाट्यांचे सांधे उघडले असतील. पण पाट्या विटांसारख्या सांधमोड करून लावल्या होत्या, म्हणजे उभा सांधा दर अर्ध्या मीटरला सरकतो. सांध्याचा तडा पायरी-पायरीने जातो, किंवा तुकड्यातुकड्याने दिसतो. सहा मीटर सलग सरळ तडा, तोही बरोब्बर मीटर-मीटरवर, म्हणजे ती जाळीची कड.

जाळीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर 10 सेंटीमीटर चढवाव्या लागतात. म्हणजे 1 मीटरची जाळी कामाला 90 सेंटीमीटरच येते. 9 मीटर रुंदीला 10 पट्ट्या, प्रत्येकी 6 मीटर, म्हणजे 60 मीटर जाळी. खिडक्यांच्या आतल्या कडा आणि कोपऱ्यांचे तुकडे वेगळेच. मी पाठवले 50 मीटर. गवंड्याने फोन केला नाही, कडेला कड लावून पुरवून नेलं आणि खिडक्यांवरून निघालेले तुकडे उरलेल्या जागी भरले. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं.

कड लागून काय बिघडतं? बेसकोट सिमेंटचा आहे. सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही, ताण जाळी सोसते. साध्या विटांच्या भिंतीवर प्लास्टर तापलं तर उष्णता मागे भिंतीत शिरते. इथे मागे थर्माकोल आहे, उष्णतेला वाट नाही. तो सगळा ताप चार-पाच मिलीच्या पातळ थरात अडकतो. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या भिंतीला हात लावून बघा. त्यावर वळवाचा पाऊस आला की तोच थर काही मिनिटांत थंड होऊन आकसायला बघतो. जिथे जाळी सलग आहे तिथे ताण वाटला जातो, जिथे तुटली तिथे तडा. गडद रंग दिला तर हे आणखी वाढतं, म्हणून मी आता चॉकलेटी, गडद राखाडी रंगाला सरळ नाही म्हणतो.

त्याच भिंतीवर आणखी एक तडा होता, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला. त्याचं कारण वेगळं. चौकोनी उघडीच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि भिंत तिरकी फाटायला बघते. जाळीचे धागे उभे-आडवे असल्याने त्या दिशेला कमी पडतात. त्यासाठी मुख्य जाळीच्या आधी प्रत्येक कोपऱ्यावर साधारण 20 बाय 30 सेंटीमीटरचा तुकडा तिरका दाबायचा असतो. दोन खिडक्या, आठ तुकडे. शिवाय पाटीचा सांधा कधीही खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत येऊ द्यायचा नाही. पाटी इंग्रजी एल आकारात कापून कोपऱ्याला वळसा घालायचा. आमच्याकडे पाटी बरोबर कापली होती, तिरके तुकडे नव्हते. जाळी कमी, मग तुकडे कुठून येणार?

दुरुस्तीला मी सरळ तड्यात पुट्टी भरली नाही, कारण पुढच्या जूनला ती रेघ परत आली असती. आधी ठोकून पाहिलं, पाट्या कुठे पोकळ वाजत नव्हत्या. मग टेक्स्चर घासून काढलं आणि पूर्ण भिंतीवर पुन्हा बेसकोट, नवी जाळी, पुन्हा टेक्स्चर. दोन रोल जाळी आणि परत 10 गोण्या बेसकोट. परातीची मजुरी, मटेरियल सगळं माझ्या खिशातून. एक रोल कमी पाठवल्यामुळे त्या कामाचा नफा तर गेलाच, वरून पदरचे घातले. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला होता, ओव्हरलॅप नाही शिकवला.

दुसऱ्या वेळी मी तिथे उभा राहिलो आणि जाळी कशी लावतात ते नीट पाहिलं. बऱ्याच ठिकाणी गवंडी जाळी आधी कोरड्या पाटीवर खिळ्याने अडकवतो आणि वरून माल मारतो, कोंबडीजाळीची सवय. तसं केलं की जाळी थर्माकोलला चिकटून तळाशी राहते, मालात येतच नाही. जाळी लावूनही तडे जातात ते यामुळे. बरोबर पद्धत म्हणजे आधी माल पसरायचा, दातेरी थापीने सरी ओढायच्या, ओल्या मालावर जाळी ठेवून थापीने आत दाबायची आणि वर आलेला मालच परत सपाट करायचा. जाळी थराच्या वरच्या भागात, पण पूर्ण झाकलेली. काम झाल्यावर जाळीचा रंग किंवा चौकडी दिसता कामा नये. जाळी सिमेंटसाठी कोटिंग केलेली, चौरस मीटरला 145 ते 160 ग्रॅमची घ्या. साधी काचेच्या धाग्याची जाळी सिमेंटमधल्या क्षाराने कमजोर होते. नखाने धागा सरकवून बघा, सहज सरकला तर ती जाळी परत करा.

चिकटवण्याबद्दल एकच गोष्ट, पण मोठी. पाटीच्या मागे चार-पाच गोळे मारून चिकटवणं सोपं वाटतं, पण मग कडा मोकळ्या राहतात आणि ऊन-थंडीने पाटी गादीसारखी फुगते-दबते. सांध्यावरचे तडे इथून येतात. चारी कडांनी सलग पट्टा आणि मध्ये तीन गोळे, दाबल्यावर निदान 40 टक्के पाटी मालाला लागली पाहिजे. खात्री करायची तर ओली असतानाच एक पाटी ओढून काढा आणि मागे बघा. दोन पाट्यांच्या फटीत चिकटवायचा माल शिरू देऊ नका. फट पडली तर थर्माकोलची चीप भरा. पाट्या उन्हात उघड्या राहून पिवळ्या पडल्या असतील तर त्यावर भुकटी असते, ती घासल्याशिवाय बेसकोट मारू नका.

फास्टनर दुसऱ्या दिवशी, माल धरल्यावर. पाटीचं वजन चिकटवलेला माल पेलतो, फास्टनर असतात ते वारा पाटी बाहेर ओढतो त्यासाठी, आणि जुन्या रंगावर तर हवेतच. लांबी अशी काढा : पाटी 50 मिली, माल 10, जुनं प्लास्टर 15, विटेत पकड 35. बेरीज 110, म्हणजे बाजारात त्याच्या वरची जी लांबी मिळेल ती. प्लास्टर मोजायला विसरलात तर फास्टनर प्लास्टरमध्येच लटकतो. छत्री पाटीच्या पातळीत बसली पाहिजे. जास्त ठोकली तर खळगा पडतो, तिथे माल जाड होतो आणि पावसानंतर भिंतीवर गोल ठिपके दिसतात. ठिपके दिसले तर फास्टनर, तिरका तडा तर खिडकीचा कोपरा, सरळ मीटरवर तर जाळीची कड. आणि भेगाळलेल्या चिखलासारखं बारीक जाळं दिसलं तर माल उन्हात घाईने वाळलाय किंवा गवंड्याने घट्ट झालेल्या मालात परत पाणी ओतलंय. पश्चिमेची भिंत म्हणून सकाळीच करा, दुपारपर्यंत तिथे सावली असते.

एक मर्यादा सांगतो. थर्माकोल जळतो. बैठं घर किंवा एक मजला मी घेतो. त्याहून उंच इमारतीचं काम आगीचं डिझाइन करून देणारा इंजिनिअर सोबत असल्याशिवाय मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

आता माझ्या कोटेशनमध्ये जाळीची ओळ वेगळी असते : रुंदी भागिले 0.9, येणारा आकडा वरच्या पूर्णांकाला, गुणिले उंची. खाली खिडकीमागे चार तुकडे. ग्राहकाने विचारलं की दुसऱ्या दुकानात एक रोल कमी सांगितलाय, तर मी त्याला काकांच्या भिंतीचे जूनमधले फोटो दाखवतो.