शिफारसपत्राची पंचवीस वर्षं

1999 साली भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याच वर्षी युरोपातल्या देशांनी बोलोन्या इथे करार केला आणि पुढच्या काही वर्षांत जर्मनीत इंग्रजीतून शिकवले जाणारे मास्टर्सचे अभ्यासक्रम वाढत गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या मुलांना जर्मनी हा आपल्यासाठीही असलेला देश वाटू लागला तो तेव्हापासून. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, ही बातमी तुमसर-मोहाडीच्या धानाच्या गावांपर्यंत पोचली आणि मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणू लागली, "सर, पत्र लिहून देता का जी?"

त्या सुरुवातीच्या पत्रांच्या प्रती अजून फाइलीत आहेत. बहुतेक एका साच्यातली. मुलगा कष्टाळू आहे, नम्र आहे, आज्ञाधारक आहे, त्याचं चारित्र्य उत्तम आहे, मी त्याच्या उज्ज्वल भविष्याची कामना करतो. मजकूर बसस्टँडजवळच्या डीटीपीच्या दुकानात टाइप व्हायचा. खाली प्राध्यापकाची सही, कॉलेजचा गोल शिक्का. मग पाकीट बंद करून चिकटवलेल्या कडेवर पुन्हा सही, वरून सेलोटेप, म्हणजे वाटेत कुणी उघडलं तर कळावं. पोस्टातून ते स्पीडपोस्टने जायचं. सगळ्यांची सारी काळजी पाकिटाची असायची, आतल्या मजकुराची नाही.

आपल्याकडे शिफारस म्हणजे मोठ्या माणसाने टाकलेला शब्द. म्हणून मुलं शिकवणाऱ्याकडे न येता प्राचार्यांकडे जायची, कुणी तर लोकप्रतिनिधीच्या लेटरहेडवर पत्र आणायची. पण जर्मन विद्यापीठाच्या निवड समितीत बसतात ते त्या विषयाचे प्राध्यापक. त्यांना हवं असतं ते एवढंच: तुम्ही याला कोणता विषय, किती काळ शिकवला, याने तुमच्या डोळ्यांसमोर काय केलं, आणि बरोबरीच्या मुलांत हा कुठे बसतो. ज्याने मुलाला कधी शिकवलंच नाही, त्याच्या मोठेपणाचा तिथे काडीचा उपयोग नाही. शिवाय जर्मनीत नोकरी सोडताना मालकाने जे प्रशस्तिपत्र द्यायचं असतं, त्याची वाचायची एक रीत ठरून गेली आहे. 'त्याने मनापासून प्रयत्न केला' एवढंच लिहिलेलं असेल, तर जमलं नाही असं वाचणारा समजतो. अशा वाचकापुढे 'प्रयत्नशील विद्यार्थी' हे आपलं प्रेमाचं विशेषण ठेवलं की काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पत्र खरोखर कुठे कामी येतं हे मला नीट उमगलं ते एका मुलाच्या वेळी. लाखांदूरकडचा, घरी धानाची शेती. नागपूर विद्यापीठाची पदवी, 68 टक्के. आमच्याकडे भूशास्त्रात एवढे मिळाले की पेढे वाटतात. पण जर्मनीत गुण उलटे मोजतात. 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास. परदेशी गुण तिकडच्या मापात बसवायला ते एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान पास गुणांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. कमाल 100, पास 40 धरले तर:

```
(100 − 68) / (100 − 40) × 3 + 1 = 2.6
```

अनेक अभ्यासक्रम 2.5 किंवा त्याहून चांगला गुण मागतात. म्हणजे आमच्या हिशेबात 70 टक्के. जिथे ही अट काटेकोर आहे, तिथे कुणाचंही पत्र उपयोगाचं नाही, आणि हे मी मुलांना आधीच सांगतो. कित्येक विद्यापीठं तर पत्र मागतच नाहीत. पण काही ठिकाणी गुणांबरोबर बाकीची कागदपत्रंही समिती वाचते. या मुलाने निवडलेला भूजलशास्त्राचा अभ्यासक्रम तसा होता.

त्याचं शेवटच्या वर्षाचं काम मामा तलावांवर होतं. मालगुजारांच्या काळातले हे तलाव आमच्या जिल्ह्याची जुनी संपत्ती आहेत. तलावाखालच्या विहिरींचं पाणी तलावामुळे किती टिकतं, हे त्याला पाहायचं होतं. वजन बांधलेला टेप घेऊन तो विहिरी मोजत फिरला, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी घेते. आपले आकडे त्यांच्याशी ताडून पाहता यावेत म्हणून त्याने महिनेही तेच धरले, मे आणि ऑक्टोबर. एका विहिरीचं पाणी शेजारच्या विहिरींपेक्षा फारच खाली लागलं. दुसऱ्या कुणी तो आकडा तसाच ठेवला असता, किंवा गुपचूप 'दुरुस्त' केला असता. हा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेला. आदल्या दिवशी शेजारच्या शेतातला पंप तासन्‌तास चालू होता, आणि त्याने मोजलं ते उपसा चालू असतानाचं पाणी होतं. त्याने वहीत जुना आकडा एका रेघेने खोडला, नवा लिहिला, आणि शेजारी कारण लिहिलं. खोडलेला आकडा वाचता येत होता.

पत्रात मी ही विहीर घातली. कष्टाळू हा शब्द कुठेच घातला नाही. दोन वर्षं काय शिकवलं ते दोन ओळींत, गुणांबद्दल एक ओळ: आमच्या विद्यापीठात या विषयात 70 च्या वर जाणारे थोडे असतात, आणि हा वर्गात वरच्या तिघांत आहे. त्याचं इंग्रजी लिहिणं अजून अडखळतं, हेही लिहिलं. एक उणीव खरेपणाने सांगितली की बाकीच्या ओळींवर वाचणारा विश्वास ठेवतो, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. मुलगा निवडला गेला. पत्रामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण ऑनलाइन मुलाखतीत त्याला त्या खोडलेल्या आकड्याबद्दल विचारलं, हे त्याने स्वतः फोन करून सांगितलं.

नंतरच्या वर्षांत पाकीट गेलं. आता बऱ्याच ठिकाणी शिक्षकाच्या ईमेलवर थेट दुवा येतो आणि पत्र आपणच चढवायचं असतं. त्यातून नवी अडचण निघाली. कॉलेजच्या नावाचा ईमेल पत्ता आमच्या भागात कितीतरी शिक्षकांकडे नाही, आणि साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहिलं जातं, कारण असा पत्ता विद्यार्थीही उघडू शकतो. मुलगा स्वतः मजकूर आणतो आणि सर सही करतात, ही प्रथाही सर्रास आहे. दोन शिक्षकांच्या पत्रांत तेच वाक्य, त्याच जागी तीच स्पेलिंगची चूक दिसली की दोन्ही पत्रं बाद समजावीत. मी मुलांकडून मजकूर घेत नाही. त्यांची प्रकल्पाची वही आणि गुणपत्रिका मागून घेतो.

नावाचा घोळ मात्र अजून संपलेला नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पत्रात तिसराच. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. तिथे पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासतात. सगळ्या कागदांवर नाव सारखं असणं त्यामुळे आणखीच गरजेचं झालं. मी पत्रात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहितो आणि गुणपत्रिकेवरचं नाव त्याच विद्यार्थ्याचं आहे, अशी एक ओळ जोडतो.

यंदा साकोलीकडची एक मुलगी आली होती. तिने वही आणायच्या आधीच विचारलं, "सर, माझ्यातलं काय कमी आहे ते लिहाल ना?" तिचं पत्र हिवाळी सुट्टीच्या आधी पाठवायचं आहे.