तेलाचा रिकामा कॅन आणि पाच मिनिटे

पालमच्या आमच्या माताभगिनी दिवसभर राबतात. पाणी भरणे, झाडलोट, कपडे, दोन्ही वेळच्या भाकरी. तरीही पन्नाशीच्या आसपास अनेकींना जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो आणि पुढे खुर्चीवर बसून नमाज पढावी लागते. मग एवढे काम जाते कुठे? कामाने शरीर थकते, पण रोज तेच वजन त्याच पद्धतीने उचलले की स्नायूंना त्याची सवय होते. त्यानंतर ताकद वाढत नाही. वजन हळूहळू वाढवले, तरच ती वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांतही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

यासाठी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पुरेसा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, त्यामुळे वजन वाढवणे आपल्याच हातात राहते.

समजा, एका गृहिणीने सोमवार आणि गुरुवार निवडले. सकाळी मुले शाळेत गेली की तिने भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचे आणि तीन मोजत सावकाश बसायचे. असे आठ वेळा, मग थोडा दम खाऊन पुन्हा आठ वेळा. धपकन बसले तर निम्मा फायदा गेला. दुपारी भात शिजेपर्यंत दुसरा व्यायाम, पण शेगडीपासून दूर आणि कोरड्या फरशीवर. एक हात खुर्चीवर टेकवायचा, कमरेतून वाकायचे, पाठ सरळ ठेवायची आणि दोन लिटर पाणी भरलेला कॅन कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढायचा. प्रत्येक हाताने दहा वेळा.

वजन बरोबर आहे की नाही, हे शेवटच्या दोन खेपा सांगतात. त्या जड गेल्या पाहिजेत, पण श्वास रोखावा लागू नये. बारा खेपा सहज झाल्या की अर्धा लिटर पाणी वाढवा. खुर्चीचा व्यायाम सोपा वाटू लागला, तर तोच कॅन छातीशी धरून उठा. दर आठवड्याला वाढवलेच पाहिजे, असे मुळीच नाही. घरात पाहुणे असले की एखादा आठवडा तेवढ्याच पाण्यावर जातो, आणि पाहुणे तर असतातच!

दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पाठ थोडी दुखणारच. दोन-तीन दिवसांत ते दुखणे ओसरते. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली, तर मात्र थांबा. खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करा. तरीही कळ राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब जास्त असेल, बाळंतपण नुकतेच झाले असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रमजानमध्ये हाच व्यायाम इफ्तारनंतर तासा-दीड तासाने, थोडे कमी पाणी भरून करता येतो.