‘शांत व्हा’ म्हणायचं नाही

बँकेच्या कॉल सेंटरसाठी बनवलेल्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओत पहिलं वाक्य ग्राहकाचं असतं. ‘‘एटीएममधून पैसे आलेच नाहीत, खात्यातून मात्र पाच हजार गेले! चोर आहात तुम्ही!’’

चुकीच्या प्रसंगात एजंट लगेच म्हणते, ‘‘सर, आधी शांत व्हा. खाते क्रमांक सांगा.’’ ग्राहक आणखी भडकतो, आणि त्यात नवल काय!

बरोबर प्रसंगात ती त्याला पूर्ण बोलू देते. मध्ये फक्त ‘हो सर’. मग म्हणते, ‘‘पैसे हातात नाहीत आणि खात्यातूनही गेले, राग येणारच. तक्रार मी आत्ताच नोंदवते. एटीएम कुठलं होतं?’’ उत्तर आल्यावरच ती वेळ विचारते. एकेक सोपा प्रश्न आला की ग्राहक ओरडणं सोडून आठवू लागतो. त्याची वाक्यं लांबली, आवाज उतरला, की पुढे सरकायचं.

आता तारीख. ‘लवकरात लवकर’ हे शब्द संहितेत चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत परत जमा व्हायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. एजंट हिशेब करूनच सांगते, ‘‘व्यवहार १२ तारखेचा, म्हणजे १७ पर्यंत. तक्रार क्रमांक लिहून घेता?’’

‘‘मला आजच हवेत!’’

‘‘आज जमा करणं माझ्या हातात नाही, सर. १७ला जमा झाले नाहीत, तर याच क्रमांकावरून भरपाईही मागता येईल.’’

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज.

‘‘हं, सांगा क्रमांक.’’