आरोग्यचिंता आणि ‘आणखी एका तपासणी’चा गैरसमज

‘शंका आहे ना, मग एकदा सगळ्या तपासण्या करून टाका, म्हणजे मन शांत होईल’ हा सल्ला दुकानांपासून घरांपर्यंत इतक्या सहजपणे दिला जातो, की त्याचा परिणाम कोणी तपासतच नाही. शरीरातील प्रत्येक संवेदनेत गंभीर आजाराची चाहूल घेत राहणे म्हणजे आरोग्यचिंता. आणि तिच्या बाबतीत हा सल्ला बहुधा उलटाच पडतो. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असलेल्या रुग्णांवरील चौदा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि नॉर्मल रिपोर्टमुळे त्यांची काळजी कमी झाल्याचे त्यात आढळले नाही.

याचे कारण तपासण्याच्या सवयीतच आहे. समजा, एखाद्या दुकानदाराला डोके जड वाटले, त्याने घरच्या यंत्रावर बीपी मोजला आणि वरचा आकडा १२८ आला. पाच मिनिटे शांत न बसता त्याने लगेच पुन्हा मोजला, तेव्हा धास्तीमुळे तो १४२ झाला आणि तिसऱ्या वेळी १५० दिसताच त्याने दवाखाना गाठला. तेथे ईसीजी नॉर्मल निघाल्यावर मिळालेला दिलासा दोन दिवस टिकतो, पण जीव तपासल्यामुळेच वाचला अशी मनाची समजूत होते, आणि पुढच्या धडधडीला हात आपोआप यंत्राकडे जातो.

‘फुल बॉडी चेकअप’चे गणितही लक्षात घेतले पाहिजे. अनेक चाचण्यांची नॉर्मल मर्यादा शंभरपैकी ९५ निरोगी माणसे तीत बसतील अशी आखलेली असते. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

आरोग्यचिंता हे नाटक आहे, असे म्हणणे साफ चूक आहे, कारण धडधड आणि दुखणे खरेच जाणवते. अशी चिंता असलेल्या माणसाला खरा आजार होत नाही, हेही खोटे आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या गठ्ठ्याऐवजी एक पान न्यावे. त्यावर त्रास कधी होतो, दिवसातून किती वेळा बीपी मोजला जातो आणि नेमकी कोणत्या आजाराची भीती वाटते, हे लिहावे, कारण भीती लपवली तर डॉक्टर फक्त लक्षणावर उपचार करतात. कोणत्या खुणा दिसल्यास लगेच यावे आणि बीपी किती दिवसांनी मोजावा, हे विचारून घ्यावे. दर वेळी नवा डॉक्टर न गाठता एकाच डॉक्टरांकडे ठरलेल्या तारखेला जावे. चिंता महिनोन्महिने कामात आड येत असेल, तर तपासणी हळूहळू कमी करायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धती मानसोपचारतज्ज्ञांकडे उपलब्ध असते; ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मात्र छातीत दाब आणि घाम, अचानक वाकडे झालेले तोंड, एका हातापायातील शक्ती जाणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले, तर ही केवळ चिंताच असेल असे गृहीत न धरता ताबडतोब रुग्णालय गाठावे.