शांत आठवड्यासाठी तीन बेटांपैकी कोणते?

इंडोनेशियातील लोंबोक बेटाला हजार मशिदींचे बेट म्हणतात. त्याच्या वायव्य किनाऱ्यासमोर तीन छोटी बेटे एका रांगेत आहेत. लोंबोककडून पहिले गिली आयर, मधले गिली मेनो आणि शेवटचे गिली त्रावांगन. तेथील सासक लोकांच्या भाषेत ‘गिली’ म्हणजेच लहान बेट. तिन्हींवर मोटारगाड्या नाहीत. चालायचे, सायकल घ्यायची, नाहीतर ‘चिदोमो’ नावाच्या टांग्यात बसायचे.

सुटीचा एक आठवडा शांतपणे घालवायचा म्हणून आम्ही याच तिघांतून निवड करायला बसलो. आम्ही दोघे, गुडघे दुखणाऱ्या अम्मी आणि दोन मुले. त्यातला थोरला पंधरा वर्षांचा, दुसऱ्याच दिवशी ‘आता काय करायचे?’ विचारणारा.

प्रथम वाटले, जिथे करण्यासारखे जास्त तिथे जावे. त्या हिशेबाने त्रावांगन पुढे होते. ते सर्वांत मोठे, दुकाने आणि खाण्याची ठिकाणे भरपूर, पाणबुडीचे प्रशिक्षण देणाऱ्या शाळाही अनेक. पण चौकशी करता एक गोष्ट ध्यानात आली. नळी लावून पाण्याखाली पाहण्यासाठी नेणाऱ्या होड्या तिन्ही बेटांना फेरी घालतात. कासवे, प्रवाळ आणि मेनोजवळ पाण्याखाली उभारलेला माणसांचा गोलाकार शिल्पसमूह, हे सारे कुठल्याही बेटावर राहून पाहता येते. म्हणजे दिवस तिन्हीकडे जवळपास सारखाच. फरक पडतो तो रात्रीचा. म्हणून आम्ही निवड रात्रीवरून करायचे ठरवले.

त्रावांगनच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराजवळ, मद्यालये आणि संगीताचा गलका रात्री उशिरापर्यंत चालतो. रमजानमध्ये तो आवरता घेतात, पण आम्ही रमजानात जाणार नव्हतो. त्याच बेटाचा उत्तर आणि पश्चिम भाग बराच शांत आहे. मात्र तिथून बाजारात यायचे तर सायकल किंवा टांगा हवा. अम्मींना दोन्ही अवघड.

मेनो याच्या अगदी उलट. तिघांत सर्वांत लहान, मध्ये खारे तळे, पांढरी वाळू आणि रात्री फक्त लाटांचा आवाज. नवपरिणित जोडप्याला याहून बरे ठिकाण नाही. पण दुकाने थोडी आणि गोड्या पाण्याची टंचाई असल्याने नळाला कधी खारट पाणी येते. सात दिवसांत थोरल्याने आमचे डोके खाल्ले असते.

उरले आयर. तिथे पर्यटक आहेत, मद्यही विकले जाते, पण बेटाच्या मध्यभागी खरेखुरे गाव आहे. मशीद, शाळा, ‘वारुंग’ म्हणजे घरगुती खानावळी. पहाटे अजान ऐकू येते. सारे बेट पायी दीड तासात फिरून होते. आम्ही गावापासून जवळ, पण किनाऱ्यावरच्या खानावळींपासून थोडे आत, अशी खोली घेतली.

एक चूक मात्र झाली. छायाचित्रांत दिसणारे निळे पाणी भरतीचे असते. पहिल्या सकाळी आम्ही ओहोटीला उतरलो, तर पाणी घोट्यापर्यंत आणि खाली सगळे तुटके प्रवाळ. धाकटीचा पाय कापला. दुसऱ्या दिवसापासून रबरी बूट घातले आणि भरतीची वेळ खोलीवाल्याला विचारूनच निघालो. कोणताही किनारा निवडताना भरतीबरोबरच ओहोटीचे छायाचित्रही पाहावे. तिथे पोहता येते की नुसते चालता येते, ते लगेच कळते. बेटांमधल्या खाडीत प्रवाह जोरदार असतो, तेव्हा पोहत पलीकडे जाण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये.

प्रवासाचेही आधी पाहावे. बालीहून वेगवान बोटी थेट येतात, पण मधली सामुद्रधुनी खवळलेली असली की वृद्धांचे हाल होतात. आम्ही विमानाने लोंबोकला उतरलो आणि बांगसाल बंदरातून साधी होडी घेतली. पाण्यातला वेळ थोडा, अम्मी खूश. या होड्या प्रवासी भरले की सुटतात, म्हणून सकाळी पोहोचलेले बरे.

सात दिवसांपैकी एक होडीच्या फेरीत गेला, एक मेनोला. एक दुपार थोरल्याला त्रावांगनचा बाजार दाखवला आणि मगरिबच्या आत परतलो. बाकीचे चार दिवस काहीच केले नाही. अम्मी इशानंतर ओट्यावर बसून समुद्राकडे पाहत. पलीकडच्या त्रावांगनचे दिवे दिसत. गाणी ऐकू येत नव्हती.