दुखत नाही त्या दिवसाचीही नोंद

अर्धशिशीचा रुग्ण न्यूरॉलॉजिस्टसमोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं? उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं: "तीन-चारदा." आठवणीत राहतात ते अंधाऱ्या खोलीत झोपावं लागलेले, उलटी झालेले दिवस. एक गोळी घेऊन ऑफिस गाठलं, स्वयंपाक उरकला, ते दिवस कोणी मोजत नाही. उपचार मात्र याच आकड्यावर ठरतात. म्हणून तपासणीआधी किमान दोन-तीन महिने डोकेदुखीची डायरी ठेवायची.

तिला वही किंवा भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. दुखलं त्या दिवशी वेळ, किती तास दुखलं, शून्य ते दहामध्ये तीव्रता किती, एका बाजूला की दोन्ही, ठणका होता का, मळमळ झाली का, उजेड-आवाज नकोसा झाला का, एवढं लिहावं. गोळीचं नाव, ती घेतल्याची वेळ आणि दोन तासांनी काय फरक पडला, हेही लिहावं. "पित्ताची गोळी" किंवा "डोकेदुखीची गोळी" असं मोघम लिहू नये. पाकिटावरचं नाव उतरवून घ्यावं.

याशिवाय एक ओळ रोज लिहायची, डोकं दुखो वा न दुखो: झोप किती झाली, जेवण चुकलं का, पाळीचा कितवा दिवस, उन्हात फिरणं झालं का, आणि ज्या पदार्थावर संशय आहे तो खाल्ला का. नेमकी हीच ओळ बहुतेकजण सोडून देतात, आणि मग ट्रिगर शोधण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

का, ते एका नमुन्यातून पाहू. चाळिशीची एक बाई आहे, बँकेत नोकरी, दर गुरुवारी उपास. तिचा संशय दह्यावर. तिच्या १२ आठवड्यांच्या, म्हणजे ८४ दिवसांच्या डायरीत जोराचे झटके १७. त्यांतले ८ दही खाल्लेल्या दिवशी आले. फक्त दुखण्याच्या दिवसांची नोंद असती, तर दही दोषी ठरून घरातून हद्दपार झालं असतं. पण रोजची ओळ सांगते की दही ४० दिवस खाल्लं होतं आणि खाल्लं नाही अशा ४४ दिवसांतही ९ झटके आले. दोन्हीकडे साधारण पाचातला एक दिवस. दह्याचा काही संबंध दिसत नाही.

आता उपास. १२ गुरुवारांपैकी ७ गुरुवारी झटका. उरलेल्या ७२ दिवसांत १०. हा फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. आणखी एक गोष्ट दिसते: तिन्ही महिन्यांत पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात एकदा तरी झटका आहेच. डॉक्टरांसाठी ही मोलाची खूण, कारण पाळीशी जोडलेल्या अर्धशिशीचा उपचार काही वेळा त्याच दिवसांपुरता आखता येतो.

चॉकलेटसारख्या पदार्थांबाबत आणखी एक फसगत होते. झटक्याच्या काही तास, कधी दोन दिवस आधीच मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. अशा वेळी चॉकलेट खाणं हे झटक्याचं कारण नसून त्याची सुरुवात असू शकते. म्हणून जांभया आणि मानेचं आखडणंही वेळेसह लिहावं.

या डायरीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद मात्र गोळ्यांची निघाली. १७ जोराच्या झटक्यांखेरीज हलकं दुखलेले दिवस होते २८, म्हणजे एकूण ४५, महिन्याला १६च्या आसपास. गोळी घेतलेले दिवस ३१, महिन्याला साधारण ११, आणि गोळी कॅफिन मिसळलेली. तीन महिन्यांहून अधिक काळ अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गट महिन्यातून १० दिवस, साधं पॅरासिटामॉल १५ दिवस किंवा त्याहून जास्त घेतलं, तर ज्यासाठी औषध घ्यायचं ते दुखणंच औषधामुळे वाढू शकतं. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. हे पाहून डॉक्टर कदाचित दह्या-उपासाआधी गोळ्यांचंच बोलतील. गोळी कशी कमी करायची, हे मात्र त्यांच्या सल्ल्यानेच ठरवावं.

अर्थात १२ गुरुवारांचा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. उपासाच्या दिवशी झोप कमी आणि चहा जास्त झाला असेल, तर खरा दोष कोणाचा हे अजून कळलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुढचे दोन महिने पाहावं लागतं.

काही वेळा तर डायरी भरत बसायचंच नाही. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी क्षणात उसळली, हातापायातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तापासोबत मान ताठरली, तर थेट रुग्णालय गाठावं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली असेल तर डायरी पूर्ण व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.

तपासणीला जाताना सगळी वही वाचून दाखवायला वेळ मिळत नाही. पहिल्या पानावर चार आकडे ठळक लिहून न्या: महिन्यातले दुखण्याचे दिवस, त्यांतले जोराचे दिवस, गोळी घेतलेले दिवस आणि कामावर जाता न आलेले दिवस.